तज्ज्ञ आले अर्ध्या तासापुरते, हजेरीत दिसतात पूर्ण बैठकभर: एथिक्स कमिटीच्या विषयवार उपस्थितीचा घोळ

वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा मोठ्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीचं सचिवालय सांभाळणाऱ्यांना हा शेरा ओळखीचा असेल: "विषय क्र. अमुकच्या निर्णयावेळी कोरम होता याचा पुरावा इतिवृत्तात नाही." आपण हजेरीपत्रक पुढे करतो. त्यावर आठ सह्या असतात आणि कोरम पाचचा. तपासणारा विचारतो, यातले सदस्य किती? निर्णय झाला तेव्हा हे सगळे खोलीत होते का? इथे आपण अडकतो. आठातली एक सही बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांची निघते. एक सदस्य हितसंबंधांमुळे त्या विषयापुरते बाहेर बसलेले असतात आणि आणखी कोणी तरी मधेच निघून गेलेले असतात. कागदावर यातलं काहीच नसतं.

पुढच्या बैठकीत "काळजी घेऊ" म्हणून हा प्रश्न सुटत नाही. तीन महिन्यांनी तोच शेरा पुन्हा येतो, कारण दोष माणसांच्या लक्षात नसून हजेरीपत्रकाच्या रचनेत असतो.

नियम काय मागतो

नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम, 2019 प्रमाणे चाचणीचा प्रोटोकॉल तपासायला किमान पाच सदस्य हजर लागतात आणि हे पाच कोणीही चालत नाहीत. एक वैद्यकीय शास्त्रज्ञ, शक्यतो फार्माकॉलॉजीचे; एक क्लिनिशियन; एक कायद्याचे जाणकार; एक समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचे प्रतिनिधी किंवा नीतितज्ज्ञ अशांपैकी कोणी; आणि एक सामान्य नागरिक, ज्यांना आपण सगळे ले पर्सन म्हणतो. म्हणजे कोरम हा नुसता आकडा नाही, त्या पाच खुर्च्या आहेत. सहा डॉक्टर हजर असले आणि वकील नसले तरी कोरम होत नाही.

समितीला सदस्य नसलेल्या तज्ज्ञांना चर्चेत सहभागी करून घेता येतं, पण त्यांना मताचा अधिकार नाही, हेही त्याच नियमांत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांचा रोखही हाच आहे. तज्ज्ञांनी मत द्यावं, गोपनीयता पाळावी, हितसंबंध असल्यास आधी जाहीर करावेत. निर्णय मात्र सदस्यांचा.

या दोन गोष्टी जोडल्या की हजेरी "बैठकीची" असून भागत नाही हे उघड होतं. तपासणारा प्रत्येक प्रोटोकॉलसाठी वेगळा प्रश्न विचारतो आणि आपल्या हजेरीपत्रकात सगळ्या प्रोटोकॉलसाठी मिळून एकच उत्तर असतं.

घोळ नेमका कुठून सुरू होतो

बहुतेक ठिकाणी मूळ एकच दिसतं आणि ते समितीच्या खोलीत नाही, लेखा विभागात आहे. बाहेरच्या तज्ज्ञांना मानधन आणि प्रवासखर्च द्यायचा तर बिलासोबत हजेरीची प्रत लागते. समितीकडे हजेरीपत्रक एकच, म्हणून तज्ज्ञांची सही त्यावरच घेतली जाते, बहुधा चहाबरोबर, कोणी तरी कागद पुढे सरकवल्यावर. पुढे इतिवृत्त लिहिणारा त्याच पत्रकावरून "उपस्थित" ही यादी उतरवतो आणि तज्ज्ञ सदस्यांमध्ये मिसळून जातात. प्रमुख संशोधक प्रस्ताव मांडायला आत येतात तेव्हा त्यांचीही सही कधी कधी तिथेच पडते. हे तर आणखी अवघड, कारण ज्यांच्या प्रस्तावावर निर्णय होतोय त्यांचंच नाव निर्णय घेणाऱ्यांच्या यादीत दिसतं.

ऑनलाइन जोडलेल्या तज्ज्ञांच्या बाबतीत सही नसते. त्यांचं नाव येतं झूमच्या अहवालातून, आणि त्याच्या खोड्या वेगळ्या आहेत. त्या पुढे सांगतो.

एक विषय घेऊन पाहू

समजा समितीचे सात सदस्य हजर आहेत: अध्यक्ष, सदस्य सचिव (फार्माकॉलॉजी), क्लिनिशियन अ, क्लिनिशियन ब, वकील, समाजकार्यकर्त्या आणि सामान्य नागरिक सदस्य. बैठक 14:00 ला सुरू झाली. विषय 4 आहे नेफ्रोटिक सिंड्रोम असलेल्या मुलांवरच्या औषधाची चाचणी. समितीत बालमूत्रपिंडविकारांचं कोणी नाही, म्हणून दुसऱ्या शहरातल्या एक तज्ज्ञ ऑनलाइन जोडल्या आहेत. क्लिनिशियन अ या चाचणीत सहसंशोधक आहेत.

विषय 15:05 ला पुकारला आणि अ बाहेर गेले. 15:08 ला प्रमुख संशोधक आणि तज्ज्ञ दोघांना आत घेतलं. संशोधक मांडणी करून, प्रश्नांची उत्तरं देऊन 15:20 ला गेले. तज्ज्ञांनी मुलांमधला डोस, रक्त किती वेळा काढायचं आणि संमतिपत्रात काय लिहायला हवं यावर मत दिलं, आणि 15:34 ला त्यांना निरोप दिला. सदस्यांची आपसातली चर्चा सुरू झाली. 15:40 ला वकिलांना निघावं लागलं. 15:46 ला "किरकोळ दुरुस्त्यांसह मंजूर" असा निर्णय झाला. 15:48 ला अ परत आले आणि विषय 5 सुरू झाला.

जुन्या पद्धतीचं पत्रक सांगेल: उपस्थिती आठ, कोरम पूर्ण. 15:46 ला खोलीत खरोखर कोण होतं ते मोजा. सातातून अ आणि वकील गेले, उरले पाच. आकडा पाचच आहे, त्यामुळे सदस्य वेगळे मोजणारा सावध सचिवही इथे फसतो. पण कायद्याची खुर्ची रिकामी आहे. या निर्णयाला कोरम नव्हता.

म्हणून "सदस्य" आणि "निमंत्रित" असे दोन रकाने करून अर्धंच काम होतं. तज्ज्ञ वेगळे काढणं हा सोपा भाग. खरी गरज आहे ती प्रत्येक विषयाच्या निर्णयाच्या क्षणी कुठल्या खुर्च्या भरलेल्या होत्या हे सांगणाऱ्या नोंदीची.

नोंदीचा आकार बदला

एका माणसाची एका बैठकीसाठी एक ओळ, ही सवय मोडायची. ओळ असेल एका माणसाची, एका विषयासाठी. तो माणूस त्या विषयात दोनदा आत-बाहेर झाला तर दोन ओळी. गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये एवढे रकाने पुरतात: A विषय क्रमांक, B नाव, C वर्ग, D जागा, E आत, F बाहेर, G निर्णयावेळी, H निर्णयाची वेळ, आणि शेवटी I मध्ये शेरा.

वर्गासाठी पूर्ण शब्द न लिहिता एक-दोन अक्षरी खूण ठेवा: सदस्याला "स", निमंत्रित तज्ज्ञाला "त", संशोधकाला "सं", आणि ती ड्रॉपडाउनमधूनच निवडायची. कोणी "तज्ज्ञ" लिहितं, कोणी "तज्ञ", कोणी शब्दापुढे एक मोकळी जागा सोडतं आणि सूत्राच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसं होतात. जागेच्या रकान्यात समितीच्या नोंदणीत ज्या खुर्चीवर त्या सदस्याचं नाव आहे तीच लिहायची. वकील असलेले एखादे अध्यक्ष सोयीप्रमाणे आज कायद्याच्या खुर्चीवर आणि उद्या समाजशास्त्राच्या खुर्चीवर, असं चालत नाही. तज्ज्ञांच्या ओळीत हा रकाना रिकामाच राहतो. त्या कितीही मोठ्या क्लिनिशियन असल्या तरी क्लिनिशियनची खुर्ची त्यांच्याने भरत नाही.

"निर्णयावेळी" हा रकाना हाताने भरू नका. दुसऱ्या ओळीत हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=IF(AND(E2<=H2,F2>H2),"होय","नाही")
```

विषय 4 च्या काही ओळी मग अशा दिसतील:

| विषय | नाव | वर्ग | जागा | आत | बाहेर | निर्णयावेळी |
|---|---|---|---|---|---|---|
| 4 | क्लिनिशियन ब | स | क्लिनिशियन | 15:05 | 15:48 | होय |
| 4 | वकील | स | कायदा | 15:05 | 15:40 | नाही |
| 4 | क्लिनिशियन अ | स | क्लिनिशियन | | 15:05 | नाही |
| 4 | निमंत्रित तज्ज्ञ | त | | 15:08 | 15:34 | नाही |
| 4 | प्रमुख संशोधक | सं | | 15:08 | 15:20 | नाही |

क्लिनिशियन अ यांची ओळ मुद्दाम ठेवली आहे. ते नव्हते म्हणून ओळच काढली, तर ते बाहेर गेले होते याचा पुरावाही गेला. "आत" रिकामं, "बाहेर" 15:05 आणि शेऱ्यात "सहसंशोधक, चर्चेपूर्वी बाहेर". जे विषय संपेपर्यंत बसून होते त्यांच्या "बाहेर"मध्ये विषय संपल्याची वेळ येते. हा रकाना रिकामा राहिला तर सूत्र बसलेल्या माणसालाही "नाही" म्हणतं, आणि ते बरंच आहे. अर्धवट नोंद लगेच डोळ्यात भरते.

आता दोन मोजण्या. पहिली, निर्णयावेळी किती सदस्य:

```
=COUNTIFS(A:A,4,C:C,"स",G:G,"होय")
```

दुसरी, प्रत्येक खुर्चीसाठी एक, उदाहरणार्थ कायदा:

```
=COUNTIFS(A:A,4,C:C,"स",D:D,"कायदा",G:G,"होय")
```

आपल्या उदाहरणात पहिलं सूत्र 5 देतं आणि दुसरं 0. ही रिकामी खुर्ची निर्णय होण्याआधी दिसली पाहिजे, इतिवृत्त टाइप करताना नाही. तज्ज्ञ चुकून निर्णयापर्यंत बसून राहिल्या तरी त्यांच्या ओळीचा वर्ग "त" असल्याने त्या या मोजणीत येत नाहीत.

वेळ लिहिताना एक साधी पण त्रासदायक अडचण येते. 3:40 लिहिलं की शीट ती पहाट समजते, आणि देवनागरी अंकांत "३:४०" लिहिलं की वेळ न समजता निव्वळ मजकूर समजू शकते. दोन्ही वेळा सूत्र चूक दाखवत नाही, मुकाट्याने चुकीचं उत्तर देतं. चोवीस तासांचं घड्याळ आणि इंग्रजी अंक, एवढी शिस्त ठेवायची. शंका आली तर रकान्याचं स्वरूप बदलून पाहा. जी नोंद जागची हलत नाही ती मजकूर आहे.

नोंद कोण करणार

सदस्य सचिव स्वतः चर्चेत असतात आणि त्यांचं मत असतं, त्यांनी घड्याळ पाहत बसू नये. सचिवालयातली एक व्यक्ती दाराजवळ किंवा झूमच्या होस्टच्या जागी बसवा. अध्यक्षांकडून दोनच वाक्यं मागून घ्या. एक विषय पुकारताना: "विषय चार, पंधरा वाजून पाच मिनिटं." दुसरं निर्णयाच्या तोंडाशी: "आता निर्णयाला येतोय, कोण कोण आहे?" या दुसऱ्या वाक्यावर नोंद करणाऱ्याने सदस्यांची नावं मोठ्याने वाचायची. वकील गेलेत हे इथेच कळतं आणि तेव्हा हातात काही करण्यासारखं असतं. समितीच्या कार्यपद्धतीत परवानगी असेल तर त्यांना ऑनलाइन जोडून घेता येतं, नाहीतर चर्चा नोंदवून निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवायचा. अध्यक्षांना सुरुवातीला हा सोपस्कार वाटतो. एकदा एखादा विषय यामुळे वाचला की कुरकुर थांबते.

याच्याही आधी करण्यासारखं एक काम आहे. सभेची सूचना पाठवताना प्रत्येक सदस्याला विचारा की कितीपर्यंत थांबणार. वकील साडेतीनला निघणार हे माहीत असेल तर ज्या विषयाला कोरम नाजूक आहे तो आधी घ्या. विषय 4 मध्ये क्लिनिशियन अ बाहेर बसणार हे प्रोटोकॉलवरच्या संशोधकांच्या यादीवरून आठवडाभर आधीच कळत होतं.

झूमच्या अहवालाच्या खोड्या

ऑनलाइन तज्ज्ञांच्या वेळा अहवालातून घ्यायला हरकत नाही, पण डोळे मिटून नको. तज्ज्ञ बहुतेक वेळा दिलेल्या वेळेच्या आधी जोडतात आणि वेटिंग रूममध्ये थांबतात. 14:40 ला जोडलेल्या तज्ज्ञांना आपण 15:08 ला आत घेतलं. अहवालात थांबण्याची ओळही येऊ शकते आणि ती ओळखायला `In Waiting Room` हा रकाना पाहावा लागतो. तो न पाहता `Join Time` उतरवला तर विषय 2 आणि 3 च्या चर्चेलाही त्या हजर होत्या असं कागदावर दिसेल, आणि त्या विषयांसाठी तर त्यांनी गोपनीयतेचा करारही केलेला नाही.

दुसरी खोडी उलट दिशेची. नेट तुटून कोणी बाहेर पडून परत जोडलं की अहवालात त्याच नावाच्या दोन-तीन ओळी येतात. वैताग येतो म्हणून आपण `Show unique users` वर खूण करतो. ओळी एकत्र होतात आणि मधला खंड नाहीसा होतो. तो खंड ऑनलाइन जोडलेल्या सदस्याचा असेल आणि निर्णय त्यातच झाला असेल, तर तो दिसायलाच हवा. ती खूण काढून ठेवा, अहवाल आहे तसा उतरवून जपा आणि शीटमध्ये त्याच्या जितक्या ओळी तितक्याच ओळी करा.

नावांचंही पाहा. रुग्णालयाच्या एकाच लॅपटॉपवरून तीन सदस्य बसले असतील तर अहवालात लॅपटॉपचं एक नाव असतं. अशा वेळी हाताने केलेली नोंद खरी.

तज्ज्ञांचं वेगळं पत्रक

लेखा विभागाचा प्रश्न सोडवल्याशिवाय वरचं सगळं दोन बैठका टिकेल. तज्ज्ञांसाठी वेगळं अर्ध्या पानाचं पत्रक करा: बैठकीचा क्रमांक आणि दिनांक, कोणत्या विषयासाठी बोलावलं, आत आणि बाहेर गेल्याच्या वेळा, प्रत्यक्ष की ऑनलाइन, गोपनीयता करार आणि हितसंबंधांचं निवेदन कोणत्या दिनांकाला मिळालं, आणि सही. बिलाला हीच प्रत जोडायची. सदस्यांचं पत्रक तज्ज्ञांसमोर न्यायचंच नाही. तज्ज्ञ दोन विषयांसाठी असतील तर दोन ओळी, आणि मधल्या विषयाला त्यांना बाहेर थांबवायचं.

एक फरक इथे राहून जातो. तज्ज्ञांनी लेखी अभिप्राय पाठवला आणि त्या आल्याच नाहीत, तर ती हजेरी नाही. अशांचं नाव उपस्थितांत कुठेही येत नाही. विषयाच्या चर्चेत "तज्ज्ञांचा अमुक दिनांकाचा लेखी अभिप्राय वाचून दाखवला" एवढंच येतं आणि अभिप्राय फाइलला लागतो.

इतिवृत्तातही सुरुवातीच्या यादीत फक्त सदस्य ठेवा. तज्ज्ञांची नोंद त्या त्या विषयाखाली करा. आपल्या उदाहरणात वकील गेल्याचं वेळीच लक्षात येऊन निर्णय थांबवला असता, तर ती साधारण अशी असती:

"विषय 4. क्लिनिशियन अ हे सहसंशोधक असल्याने चर्चेपूर्वी (15:05) बाहेर गेले. निमंत्रित तज्ज्ञ (बालमूत्रपिंडविकार) 15:08 ते 15:34 ऑनलाइन उपस्थित, मताधिकार नाही. प्रमुख संशोधक 15:08 ते 15:20 मांडणीसाठी उपस्थित. कायदा सदस्य 15:40 ला गेले. कायदा सदस्य नसल्याने कोरम पूर्ण झाला नाही. चर्चा नोंदवून निर्णय पुढील बैठकीवर ठेवला."

तज्ज्ञांना निर्णयाआधी बाहेर पाठवावंच का, यावर समित्यांमध्ये मतभेद आहेत. नियम मताधिकार नाही म्हणतो. माझं मत, पाठवावं. खोलीत त्या विषयातला सर्वांत जाणकार माणूस बसलेला असताना सामान्य नागरिक सदस्य मोकळेपणाने "मला हे पटत नाही" म्हणत नाहीत. काहीही ठरवा, पण ते समितीच्या कार्यपद्धतीत लिहा, नाहीतर दर बैठकीला वेगळं घडतं आणि तेही शेऱ्यात येतं.

जुन्या इतिवृत्तांचं काय

मागचे निर्णय तपासताना असा रिकाम्या खुर्चीचा निर्णय सापडला तर वेळा "दुरुस्त" करायच्या मोहात पडू नका. मंजूर इतिवृत्त तसंच राहू द्या. अध्यक्षांना लेखी कळवा, प्रस्ताव पुढच्या बैठकीत पूर्ण कोरमसमोर पुन्हा ठेवा, आणि नव्या इतिवृत्तात आधीच्या निर्णयाचा दिनांक आणि पुन्हा विचार करण्याचं कारण दोन्ही लिहा. चाचणी सुरू झाली असेल आणि रुग्ण दाखल झाले असतील तर पुढच्या नियमित बैठकीची वाट पाहू नका; त्यासाठी विशेष बैठक बोलवा आणि तोवर नवे रुग्ण घ्यायचे की नाही हे अध्यक्षांकडून लेखी घ्या. झूमचे अहवाल, तज्ज्ञांची पत्रकं आणि शीटची छापील सही केलेली प्रत त्या प्रस्तावाच्या फाइलमध्येच ठेवा, बैठकीच्या फाइलमध्ये नुसती नोंद पुरते. तपासणारा फाइल मागतो ती प्रस्तावाची.